एक सिलिंडर दीड महिना पुरवण्यासाठी आठवड्याचा स्वयंपाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे महाराष्ट्रातील चार माणसांच्या, रोज दोन वेळा घरी स्वयंपाक होणाऱ्या आणि 14.2 किलोचा सिलिंडर साधारण महिनाभर पुरणाऱ्या घराला समोर ठेवून लिहिली आहेत. गॅसचे आकडे नेहमीच्या दोन बर्नरच्या शेगडीचे अंदाज आहेत. शेगडी, भांडी आणि हात यांनुसार ते थोडे वरखाली होतील, पण कोणत्या कामाला किती गॅस जातो याचे परस्पर प्रमाण फारसे बदलणार नाही.

सिलिंडर दीड महिना पुरवायचा तर रोज किती गॅस वापरता येतो?

सिलिंडरमध्ये 14,200 ग्रॅम गॅस असतो. तो एकतीस दिवसांत संपत असेल तर रोज सुमारे 450 ग्रॅम जळतो आणि पंचेचाळीस दिवस पुरवायचा असेल तर रोजची मर्यादा सुमारे 310 ग्रॅम येते. म्हणजे रोज 140 ग्रॅम वाचवायचे आहेत. हे ग्रॅम डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ते मिनिटांत मोजावेत. मोठा बर्नर पूर्ण आचेवर मिनिटाला सुमारे 3 ग्रॅम घेतो, लहान बर्नर सुमारे 2 ग्रॅम आणि अगदी मंद केलेला बर्नर एक ग्रॅमहून थोडा कमी. या हिशेबाने 140 ग्रॅम म्हणजे मोठा बर्नर पाऊण तास बंद ठेवणे. दिवसभरात विखुरलेली अशी पंचेचाळीस मिनिटे बहुतेक घरांत सापडतात, मात्र ती एकाच पदार्थात शोधू नयेत.

गॅस नेमका जातो कुठे?

वर सांगितलेल्या घराचा एक दिवस मांडून पाहू. दोन वेळचा चहा 30 ग्रॅम, दूध तापवणे 20, पोहे किंवा उपमा 25, सकाळच्या पोळ्या 80, कढईतली भाजी 60, सकाळचा कुकर 45 आणि आमटीची फोडणी 15. संध्याकाळी पुन्हा कुकर 45, भाजी 30 आणि पोळ्या 60. ही बेरीज 410 होते. मुलांचे मधले खाणे, शिळे गरम करणे, सणावाराचे तळण यांचे रोजचे सरासरी 40 ग्रॅम धरले की 450 होतात.

या यादीत पोळ्यांचे दोन घाणे मिळून 140 ग्रॅम आहेत आणि दोन वेळच्या उघड्या भाज्या 90. कुकरचे नाव उगाच बदनाम असते. वरण-भातावर जेवढा गॅस जातो त्याच्या दीडपट तव्याखाली जळतो आणि तरीही बचतीची चर्चा निघाली की सगळे शिट्ट्याच मोजायला बसतात.

आंघोळीचे पाणी गॅसवर तापवत असाल तर ते या हिशेबाबाहेर आहे. आठ लिटर पाणी आंघोळीपुरते कढत करायला सुमारे 40 ग्रॅम लागतात, म्हणजे एका माणसाच्या आंघोळीला जवळजवळ एका कुकरचा गॅस. अशा घरात जेवणाचे नियोजन करण्याआधी पाण्याची दुसरी सोय पाहावी.

झाकण ठेवल्याने खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि तो का पडतो हे कळले की बाकीचे अर्धे नियम आपोआप लक्षात येतात. एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला सुमारे 11 ग्रॅम गॅस पुरतो. तेच एक लिटर पाणी उकळून पूर्ण वाफ होईपर्यंत आटवायचे असेल तर सुमारे 80 ग्रॅम लागतात. म्हणजे पाणी तापवणे स्वस्त आणि पाणी उडवणे महाग. उघड्या पातेल्यातल्या आमटीतून पाव लिटर पाणी आटले तर वीस ग्रॅम गॅस छताकडे गेला, शिवाय आटलेले पाणी भरून काढायला वरून पुन्हा गार पाणी ओतावे लागले ते वेगळेच.

उकळी फुटल्यानंतर आच मोठी ठेवण्यानेही काही साधत नाही. पाणी खळखळून उकळले काय किंवा कडेला बारीक बुडबुडे येत राहिले काय, उघड्या भांड्यात त्याचे तापमान 100 अंशांच्या आसपासच राहते, त्यामुळे बटाटा दोन्हींत सारख्याच वेळात शिजतो. म्हणून उकळी येईपर्यंत मोठी आच, उकळी आली की झाकण आणि मंद आच, हा क्रम पाळावा. झाकणावर थोडे पाणी ठेवण्याची जुनी पद्धत यात चांगली बसते. खालची वाफ गार झाकणावर जमून परत भांड्यात पडते आणि वरचे पाणी गरम झाले की तेच भाजीत घालता येते.

आटवायची रस्साभाजी किंवा कुरकुरीत ठेवायची भेंडी यांना झाकण मानवत नाही. तेथे हट्ट धरू नये.

कुकरच्या किती शिट्ट्या कराव्यात?

शिट्ट्यांऐवजी मिनिटे मोजावीत. कुकरमध्ये दाब तयार झाला की आतले तापमान सुमारे 120 अंशांपर्यंत जाते आणि डाळ लवकर शिजते ती या तापमानामुळे. शिट्टी होणे म्हणजे जास्तीचा दाब बाहेर फेकला जाणे. शिट्टीने आतले काही शिजत नाही, उलट तापवलेले पाणी वाफ होऊन निघून जाते. मोठ्या आचेवर सहा-सात शिट्ट्या करणाऱ्या कुकरमध्ये निम्मा गॅस ही वाफ तयार करण्यातच जातो.

पद्धत अशी ठेवावी. कुकर मोठ्या बर्नरवर पूर्ण आचेवर ठेवावा, पण ज्वाळा बुडाच्या कडेबाहेर येऊ देऊ नये. पहिली शिट्टी झाली की तो मंद आचेवर आणावा आणि घड्याळ पाहावे. भिजवलेल्या तुरीच्या डाळीला पुढे सहा-सात मिनिटे पुरतात आणि डब्यातल्या भातालाही तेवढ्यात हरकत नसते. मग गॅस बंद करून कुकर आपोआप पडू द्यावा. दाब उतरायला साधारण दहा मिनिटे लागतात आणि त्या वेळातही आतले अन्न शिजतच असते, म्हणजे ही दहा मिनिटे फुकट मिळतात. घाईने कुकर नळाखाली धरला किंवा शिट्टी उचलून वाफ सोडली की ती गेली, आणि अंगावर वाफ येण्याचा धोका असतो तो वेगळाच.

मंद आचेवर शिट्टी अधूनमधून हलकेच फुसफुसत असेल तर आच बरोबर आहे. पाच मिनिटांत दुसरी-तिसरी शिट्टी जोरात झाली तर आच अजून मोठी आहे. शिट्टी होतच नसेल आणि झाकणाच्या कडेने वाफ किंवा पाण्याचे थेंब येत असतील तर रबरी रिंग सैल किंवा कडक झाली आहे. ती धुऊन पुन्हा बसवून पाहावी आणि तरी वाफ निसटली तर बदलावी. गळक्या रिंगेचा कुकर दाब धरत नाही, त्यामुळे तो दुप्पट वेळ घेतो आणि तळातले पाणी संपून डबे करपतात.

एका कुकरमध्ये तीन डबे लावले तर सगळे सारखे शिजते का?

सारख्या वेळेचे पदार्थ एकत्र लावले तरच. तुरीची डाळ, भात आणि सालासकट मध्यम बटाटे हे तिघे एकमेकांना सांभाळून घेतात. तुरीची डाळ, भात आणि मोड आलेली मटकी हे त्रिकूट मात्र नीट जमत नाही, कारण डाळ शिजेपर्यंत मटकीचा लगदा होतो. मटकी पाण्याशिवाय नुसती वाफवायला सर्वांत वरच्या डब्यात ठेवली तर ती थोडी तग धरते, पण मोकळी उसळ हवी असेल तर ती कढईत झाकण ठेवून करणेच बरे. राजमा, छोले किंवा काळे वाटाणे यांच्याबरोबर भात लावू नये. कडधान्य शिजेपर्यंत भाताची पेज होते.

डाळीचा डबा तळाशी ठेवावा, भात वर. आणखी एक सोय अशी की तळाशी नुसते पाणी घालण्याऐवजी डाळच पाणी घालून थेट कुकरमध्ये टाकावी आणि तिच्यावर जाळी ठेवून भाताचा डबा ठेवावा. तळाचे दोन पेले पाणी रोज तापवून ओतून देण्यात दर वेळी पाच-सहा ग्रॅम जातात, ते वाचतात. मात्र डाळीला फेस येतो, म्हणून तिच्यात चमचाभर तेल घालावे आणि डाळ-पाणी मिळून कुकर निम्म्याच्या वर भरू नये. फेस शिट्टीच्या वाटेत अडकला तर दाब अडतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो.

डब्यांच्या पद्धतीनेच कुकर लावायचा असेल तर तळाचे गरम पाणी कणीक भिजवायला किंवा तेलकट कढई घासायला घ्यावे.

कडधान्ये भिजवल्याने किती गॅस वाचतो?

छोल्यांचे उदाहरण घेऊ. न भिजवलेले छोले कुकरमध्ये दाब आल्यावर मंद आचेवर पाऊण तास तरी घेतात, म्हणजे सुमारे 35 ग्रॅम. रात्रभर भिजवलेले छोले पंधरा-अठरा मिनिटांत होतात, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम. वीस ग्रॅमांची ही बचत चांगलीच आहे. पण तेच न भिजवलेले छोले पूर्ण आचेवर पाऊण तास शिट्ट्या मारत ठेवले तर 130 ग्रॅमांपर्यंत गॅस जाईल. त्यामुळे भिजवणे आणि आच मंद करणे या दोन गोष्टी एकत्र कराव्यात, आणि एकच जमणार असेल तर आच मंद करावी.

छोले, राजमा आणि काळे वाटाणे यांना आठ ते दहा तास, अख्ख्या मुगाला आणि मटकीला सहा ते आठ तास, तुरीच्या आणि चण्याच्या डाळीला अर्धा ते एक तास, मूगडाळीला वीस मिनिटे पुरतात. तांदूळ धुऊन वीस-तीस मिनिटे निथळत किंवा पाण्यात ठेवले तर भात मोकळाही होतो आणि लवकरही. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात रात्रभर बाहेर ठेवलेले पाणी सकाळी आंबूस वास मारते. तेथे भिजवण फ्रिजमध्ये ठेवावे, किंवा फ्रिज नसेल तर मध्ये एकदा पाणी बदलावे.

भिजवायचे राहून गेले तर छोले धुऊन कढत पाण्यात घालून झाकून ठेवावेत. दीड-दोन तासांत ते बऱ्यापैकी फुगतात. रात्रभर भिजवल्याइतके नाही, पण मंद आचेचा वेळ निम्म्यावर येतो.

भिजवूनही डाळ किंवा कडधान्य शिजत नाही, असे का होते?

तीन कारणे नेहमी आढळतात. पहिले, धान्य जुने असते. वर्षभराहून जुन्या कडधान्यात भिजून न फुगणारे गणंग वाढतात आणि ते कितीही शिट्ट्या केल्या तरी दाताखाली येतात. भिजवणातून निथळताना आकाराने लहान, सुरकुती न पडलेले, कडक दाणे हाताला लागले तर ते वेचून टाकावेत, कारण त्या मूठभर दाण्यांसाठी कुकर पुन्हा लावण्यात वीस-पंचवीस ग्रॅम जातात.

दुसरे कारण जड पाणी. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असते, ते दाण्याच्या सालीला घट्ट करते. भिजवायला आणि शिजवायला नळाचे किंवा गाळण यंत्राचे पाणी वापरून पाहावे, फरक लगेच कळतो. चिमूटभर सोड्यानेही काम होते, पण त्याने बी-1 जीवनसत्त्व बरेच जाते आणि चवही साबणासारखी होऊ शकते, म्हणून तो रोजचा उपाय नाही.

तिसरे कारण आंबट. चिंच, आमसूल, टोमॅटो किंवा दही डाळीबरोबरच शिजायला टाकले की डाळ हट्टाला पेटते. आंबट नेहमी डाळ शिजल्यावर फोडणीच्या वेळी घालावे. खिचडीत टोमॅटो हवाच असेल तर एखादा चालतो, तीन नकोत.

आठवड्याचा आराखडा कसा बांधावा?

सकाळ फार बदलू नये, संध्याकाळ बदलावी. सकाळी डबे न्यायचे असतात, पोळी-भाजी लागते, तेथे अडवणूक केली की आराखडा चार दिवसांत मोडतो. संध्याकाळचे सातांपैकी पाच दिवस एकाच भांड्यातले जेवण आणि दोन दिवस तवा, एवढे पुरते.

सोमवारी संध्याकाळी भाज्या घातलेली मूगडाळीची खिचडी. मंगळवारी भाकरी आणि पिठले. बुधवारी वरणफळे, ज्यांना काही भागांत चकोल्या म्हणतात. सकाळच्या कुकरमध्येच वाटीभर डाळ जास्त लावून ठेवली की संध्याकाळी फक्त फोडणीची आमटी उकळून त्यात कणकेचे तुकडे सोडायचे आणि झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे शिजू द्यायचे. त्यात आमटीही झाली आणि पोळीही. गुरुवारी मोड आलेल्या मटकीचा मसालेभात. शुक्रवारी पालक घातलेला डाळ-भात, कुकरमध्येच. शनिवारी पोळ्या आणि सकाळची उसळ. रविवारी डाळिंबी भात.

भिजवण्याची वेळ या आराखड्याला जोडून ठेवावी लागते. गुरुवारच्या मटकीसाठी मंगळवारी रात्री भिजवून बुधवारी सकाळी निथळून कपड्यात बांधावी, म्हणजे गुरुवारपर्यंत मोड येतात. रविवारच्या वालांसाठी शुक्रवारी रात्री भिजवावे, शनिवारी सकाळी बांधावे आणि रविवारी सकाळी कोमट पाण्यात टाकून सोलावे. कॅलेंडरवर भिजवायच्या दिवसाच्या चौकोनात ‘भिजवणे’ एवढा एक शब्द लिहून ठेवणे सर्वांत उपयोगी पडते, कारण आराखडा फसतो तो बहुतेक वेळा रात्री दहा वाजता भिजवायचे विसरल्यामुळे.

नाश्त्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस गॅस न लागणारे पदार्थ बसवावेत. दडपे पोह्यांना फोडणीपुरती दोन मिनिटे लागतात. दही-पोहे आणि दूध-लाह्या यांना तेवढीही नाहीत.

एका भांड्यातल्या जेवणाला नक्की किती गॅस लागतो? एखादे करून दाखवा.

सोमवारची खिचडी घेऊ. चार माणसांना दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ. दोन्ही एकत्र धुऊन वीस मिनिटे भिजत ठेवावीत. तेवढ्यात गाजर, फरसबी, मटार, फ्लॉवर मिळून दोन वाट्या चिरून ठेवावे. चिरणे, मसाले काढणे, पाणी मोजणे हे सगळे गॅस पेटवण्याआधी व्हायला हवे. फोडणी तापत ठेवून कांदा चिरायला घेणे ही फार महागडी सवय आहे.

पाच लिटरच्या कुकरमध्ये लहान बर्नरवर तेल, मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि कांद्याची फोडणी करावी. भाज्या परतून, निथळलेले डाळ-तांदूळ घालून मिनिटभर हलवावे. येथपर्यंत पाच मिनिटे आणि साधारण 9 ग्रॅम होतात. मग सात वाट्या पाणी, मीठ आणि गोडा मसाला घालून झाकण लावावे आणि कुकर मोठ्या बर्नरवर घ्यावा. पहिली शिट्टी यायला आठ-नऊ मिनिटे लागतात, म्हणजे सुमारे 26 ग्रॅम. पुढे मंद आचेवर पाच मिनिटे, 4 ग्रॅम. गॅस बंद करून दहा मिनिटे वाट पाहावी. एकूण 40 ग्रॅमांच्या आत चार माणसांचे जेवण होते, आणि सोबत पापड भाजायचा असेल तर लहान आचेवर आणखी मिनिटभर.

याच चार माणसांना संध्याकाळी वरण-भात, भाजी आणि पोळ्या केल्या तर वरच्या हिशेबाने 135 ग्रॅम लागतात.

खिचडी तळाला लागली तर दोष बहुधा पाण्याचा नसून शिट्टीनंतर मोठी राहिलेल्या आचेचा असतो. डाळिंबी भाताला वेगळी काळजी लागते. सोललेले वाल नाजूक असतात, त्यांना शिट्टीनंतरची मंद आच सोसत नाही. तेथे दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी घालून पहिली शिट्टी होताच गॅस बंद करावा आणि पुढचे काम वाफेवर सोडावे.

पोळ्यांचा गॅस कमी कसा करावा?

एकटी व्यक्ती लाटत आणि भाजत असेल तर पोळी लाटायला लागणारा वेळ भाजण्याच्या वेळेहून जास्त असतो, त्यामुळे दोन पोळ्यांच्या मधे तवा रिकामाच तापत राहतो. तवा धुरकट होतो, पुढची पोळी पटकन करपते आणि गॅस निष्कारण जळतो. म्हणून सर्व गोळे करून, चार-पाच पोळ्या लाटून कोरड्या कापडावर पसरल्यानंतरच गॅस पेटवावा. त्या भाजत असताना पुढच्या लाटाव्यात आणि लाटणे मागे पडले की आच कमी करावी. दोघे जण असतील, एक लाटणारा आणि एक भाजणारा, तर सोळा पोळ्यांना अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटे पुरतात.

शक्य त्या दिवशी पोळ्या एकाच वेळी करून घ्याव्यात. तवा पहिल्यांदा तापायला तीन-चार मिनिटे मोठी आच लागते आणि दोन घाणे केले की हा खर्च दोनदा होतो. भाकरीला मात्र आधी थापून ठेवणे चालत नाही, ती सुकते आणि चिरते. म्हणून आराखड्यात भाकरी आठवड्यातून एकच दिवस ठेवली आहे. ज्या घरात रोज भाकरीच लागते त्यांनी खिचडी-भाताचे दिवस कमी करावेत आणि पंचेचाळीसऐवजी अडतीस-चाळीस दिवसांचे उद्दिष्ट धरावे.

हा आराखडा पाळल्यावर बेरीज किती येते?

एकत्र केलेला आणि उरलेला थर्मासमध्ये ठेवलेला चहा 20, दूध 20, नाश्ता सरासरी 15, सकाळच्या पोळ्या 75, सकाळचा कुकर 35, आमटी किंवा उसळीच्या फोडण्या 25. सकाळची भाजी आठवड्यातून चारच दिवस आणि झाकण ठेवून केली, तर रोजची सरासरी 20. संध्याकाळी पाच दिवस 40 आणि दोन दिवस 110, म्हणजे सरासरी 60. बेरीज 270. त्यात पूर्वीचेच किरकोळ 40 मिळवले की 310, आणि 14,200 ला 310 ने भागले तर पंचेचाळीस दिवस.

दिवाळीचा फराळ किंवा घरातले कार्य या हिशेबात बसत नाही, त्या महिन्याची तुलना करू नये. पहिल्या सिलिंडरला चाळीस दिवस आले तरी आराखडा बरोबर चालला आहे असे समजावे, कारण आच मंद करायची सवय हाताला लागायला काही आठवडे जातात.

राजमा गरम करून ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवला तर शिजतो, असे ऐकले. ते योग्य आहे का?

राजम्यासाठी अजिबात नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो. तो व्यवस्थित उकळल्यानेच नष्ट होतो. उकळीपेक्षा कमी तापमानात अर्धवट शिजलेला राजमा खाल्ल्यास काही तासांत उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. राजमा भिजवलेले पाणी फेकून द्यावे, नव्या पाण्यात कुकरमध्ये पूर्ण दाबावर शिजवावा आणि दाणा बोटांत सहज चिरडला जातो का ते पाहावे.

गुंडाळून ठेवण्याची पद्धत भातासाठी चालते. पाच मिनिटे उकळलेले झाकणबंद पातेले जाड चादरीत अर्धा तास ठेवले की भात होतो. तो गरम असतानाच वाढावा. दुपारपर्यंत तसाच गुंडाळून ठेवू नये, कोमट भात लवकर खराब होतो.

ज्वाला पिवळी दिसते आणि भांडी काळी होतात. त्याने गॅस जास्त लागतो का?

हो. निळी, स्थिर ज्वाला म्हणजे गॅस नीट जळतो आहे. पिवळी टोके आणि बुडाला काजळी म्हणजे हवा कमी मिळते आहे किंवा बर्नरची छिद्रे उतू गेलेल्या दुधाने बुजली आहेत. बर्नर गार झाल्यावर काढून छिद्रे टाचणीने मोकळी करावीत, साबणाच्या पाण्यात घासून पूर्ण वाळवून बसवावा. ओला बर्नर लावला तर ज्वाला फडफडते. तरीही पिवळेपणा गेला नाही तर एजन्सीच्या मेकॅनिकला बोलवावे, आतला जेट स्वतः खरवडू नये. काजळीचा थर घासून काढणेही आवश्यक आहे, कारण तो उष्णता भांड्यात जाऊ देत नाही. स्वयंपाक करताना पंखा किंवा समोरची खिडकी ज्वाळा तिरपी करत असेल तर पंखा बंद करावा, पण खिडकी पूर्ण बंद करून वायुवीजन थांबवू नये.

इंडक्शन वापरले तर?

सिलिंडर अर्थातच जास्त दिवस चालेल, पण तो खर्च वीजबिलात जातो. चहा, दूध आणि पाणी तापवणे तेथे हलवायला हरकत नाही. झाकण, मंद आच आणि भिजवणे हे नियम तेथेही तसेच लागू होतात.

सिलिंडरमध्ये किती गॅस उरला हे कसे ओळखावे? आणि शेवटी आडवा करून किंवा गरम पाण्यात ठेवून गॅस काढावा का?

प्रत्येक सिलिंडरवर त्याचे रिकामे वजन लिहिलेले असते, ते बहुधा पंधरा-सोळा किलोंच्या आसपास असते. एकूण वजनातून ते वजा केले की उरलेला गॅस कळतो. घेताना डिलिव्हरी करणाऱ्याकडून वजन करून घ्यावे, म्हणजे महिन्याचा हिशेब पहिल्याच दिवशी चुकत नाही. घरी काटा नसेल तर ओल्या फडक्याने सिलिंडर वरून खालपर्यंत पुसावा. ज्या उंचीपर्यंत द्रव गॅस आहे तेथपर्यंतचा पत्रा उशिरा वाळतो आणि वरचा भाग आधी कोरडा होतो. जोडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आडवा करणे आणि गरम पाण्यात ठेवणे या दोन्ही गोष्टी धोकादायक आहेत. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्वाला अचानक भडकते. तापवल्याने आतला दाब वाढतो. हिवाळ्यात शेवटच्या एक-दोन दिवसांत ज्वाला बारीक होते, कारण थंडीत उरलेला द्रव सावकाश वायूत बदलतो. त्या दिवसांत दोन बर्नर एकदम न लावता एकच लावावा आणि कुकर सकाळच्या गारठ्यात न लावता दुपारी लावावा, म्हणजे तोही गॅस कामी येतो.